टाकीच्या कंट्रोलरचा फ्यूज परत परत उडतोय, व्हॅरिस्टर फुटतोय? आधी काय काय तपासायचं

टाकी भरली की मोटार बंद आणि रिकामी झाली की चालू करणारे ईएसपी३२ वाले कंट्रोलर आता कोल्हापुरात भरपूर बंगल्यांत दिसतात, काही विकतचे, काही पोरांनी घरी बनवलेले. माझ्याकडं दुरुस्तीला जे येतात त्यातले बरेचसे एकाच तक्रारीचे असतात, की फ्यूज बदलला, चार दिवस चालला, परत गेला. मग कुणीतरी सांगतं व्हॅरिस्टर मोठा घाल, कुणी सांगतं फ्यूज जास्त अँपचा घाल. दोन्ही करून बघितलं तरी मूळ दोष तसाच राहतो, कारण फ्यूज आणि व्हॅरिस्टर दोघं आपापलं काम बरोबर करतायत आणि त्रास दुसरीकडंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. व्हॅरिस्टर, म्हणजे ती निळी गोल चकती, ही सर्जसाठी असते. सर्ज म्हणजे सेकंदाच्या काही लाखाव्या भागात येऊन जाणारा झटका, वळवाच्या पावसात लांब वीज पडली किंवा शेजारी मोठी मोटार बंद झाली की येतो तसला. होल्टेज मिनिटभर जरी चढून राहिलं तर ती चकती ते अडवू शकत नाही, ती तापते आणि जळते. म्हणजे सर्ज वेगळा आणि होल्टेजची चढउतार वेगळी, दोन्हीचा इलाज वेगळा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की महिन्याभरात डबा परत माझ्या टेबलावर.

लक्षणं

- डबा पूर्ण बंद, फ्यूज उडालेला, आत काळं झालेलं, चकती तडकलेली आणि जळका वास.
- फ्यूज चांगला आहे पण मोटार चालू किंवा बंद होताना ईएसपी रीस्टार्ट होतो, कधी नुसता अडकून बसतो.
- संध्याकाळी रिले टकटक वाजत राहतो.
- पाच व्होल्ट बरोबर येतायत पण ईएसपी मेलाय, नाहीतर फक्त सेन्सरची पिन मेलीये.
- सेन्सरच्या वायरीला किंवा टाकीच्या पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर खालचं काहीच करू नका. एमसीबी पाडा, कंट्रोलरचा सप्लाय काढून टाका, पाण्याला कुणाला हात लावू देऊ नका आणि लायसनवाला वायरमन बोलवा.

पहिलं: फ्यूज काढून उजेडात बघा (खर्च शून्य)

एमसीबी पाडून, टेस्टरनं फेज गेलाय का बघून, मगच डबा उघडायचा. काचेचा फ्यूज असेल तर तोच अर्धी गोष्ट सांगतो. आतली तार मधेच कुठंतरी शांतपणे तुटलीये आणि काच स्वच्छ आहे, तर करंट थोडासा जास्त होता किंवा फ्यूज जुना होऊन गेला. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झालीये, तर पुढं कुठंतरी सरळ शॉर्ट झाला, आणि या डब्यांत तो शॉर्ट बहुतेक वेळा व्हॅरिस्टरचाच असतो, नाहीतर सप्लायच्या मॉड्यूलचा.

दुसऱ्या प्रकारात नुसता फ्यूज बदलून चालू करायचं नाही. व्हॅरिस्टरचा एक पाय सोडवून मीटर लावा, चांगली चकती दोन्ही बाजूंनी ओपन दाखवते. शॉर्ट दाखवली, तडा गेला असेल, टाचणीएवढं जरी भोक पडलं असेल तरी गेली. आता यातली अडचण अशी की मीटरवर ओपन दाखवणारी चकती सुद्धा आतून अर्धी खाल्लेली असू शकते, ते घरातल्या मीटरला कळत नाही, म्हणून काळा झालेला फ्यूज निघाला की मी चकती चांगली दिसली तरी बदलतो, दहावीस रुपयांची तर वस्तू आहे.

दुसरं: मोटार चालू करून होल्टेज बघा

ही पायरी सगळे सोडतात आणि मला वाटतं सगळ्यात जास्त दोष इथंच सापडतात. प्लगमध्ये मीटर लावला, २३५ दाखवतो, होल्टेज चांगलं आहे म्हणून मोकळं. पण तेव्हा घरात लोड काही नसतो.

उचगावातल्या एका बंगल्याचं सांगतो. थ्री फेज कनेक्शन, पंप एक एचपीचा सिंगल फेज, तो आर फेजवर, कंट्रोलर वाय फेजवर. कंट्रोलरमधली चकती 14D431K होती, म्हणजे सतत २७५ व्होल्टपर्यंत चालणारी, तशी नेहमीचीच निवड. दर थोड्या दिवसांनी चकती फुटायची आणि फ्यूज काळा व्हायचा. घरच्या काकांचं म्हणणं होतं, "अरे फ्यूज पाच अँपचा टाक की, सारखा कशाला उडतोय."

पंप बंद असताना तिन्ही फेज न्यूट्रलशी २३६ च्या आसपास. मग वाय फेजवर मीटर धरून ठेवला आणि काकांना पंप चालू करायला सांगितला. मीटर क्षणभर ३०० च्या वर गेला आणि २६२ वर येऊन थांबला. तेव्हाच आर फेज १९० वर उतरलेला.

एका फेजवर लोड टाकल्यावर त्याच फेजचं होल्टेज थोडं उतरणं साहजिक आहे, पण दुसऱ्या फेजचं *चढणं* हे साहजिक नाही. असं झालं की न्यूट्रल ढिला आहे असं समजा. न्यूट्रलचा जोड ढिला असला की मधला बिंदू लोडवाल्या फेजच्या बाजूला सरकतो, म्हणजे त्या फेजला कमी मिळतं आणि उरलेल्या दोघांना जास्त. पंप सुरू होताना त्याचा करंट चालू स्थितीपेक्षा पाचसहा पट असतो, म्हणून त्या सेकंदाला सरकणं सगळ्यात जास्त. ३१० व्होल्ट झाले की शिखराला ते ४४० च्या जवळ जातं, आणि 431 छापलेली चकती ४३० ला वाहायला लागते. पंप चालू झाला की चकतीला एक चटका, असे शेकडो चटके बसले की ती कधीतरी शॉर्ट होणारच. फ्यूज मोठा घातला असता तर चकती शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडायला उशीर झाला असता आणि तेवढ्यात डबा पेटला असता, हे काकांना जळलेली चकती हातात देऊन दाखवलं.

दोष मेन स्विचच्या न्यूट्रल लिंकवर निघाला. लगचा स्क्रू ढिला, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि बोट लावलं की भुगा होत होता. हे काम मी केलं नाही, वायरमनला बोलवून घेतलं. नंतर पंप चालू केला तर वाय फेज दोनतीन व्होल्टच हलला.

हा न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर वाय फेजवर ४०० च्या जवळपास सुद्धा जाऊ शकलं असतं, आणि मग कंट्रोलरच काय, फ्रिज टीव्ही सगळंच गेलं असतं. म्हणून एका फेजवर लोड टाकल्यावर दुसरा चढतोय, किंवा घरात काही दिवे मंद आणि काही भगभगीत होतायत, असं दिसलं की तिथंच थांबा. वीजमीटरच्या पुढचं, घराच्या बाजूचं असेल तर वायरमन, वीजमीटरच्या मागचं किंवा खांबावरचं असेल तर महावितरणकडं १९१२ ला तक्रार, खांबाला स्वतः हात लावायचा नाही.

न्यूट्रल बरोबर आहे पण रात्री उशिरा, सगळीकडचा लोड उतरला की होल्टेजच २६५-२७० ला जाऊन बसतं, असं गावाकडं ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांत होतं. त्याला इलाज वेगळा, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणून डिन रेलवर बसणारा मिळतो, आकडे दाखवतो आणि मर्यादा ओलांडली की तोडतो. मी वरची मर्यादा २६५ आणि खालची १७५ ला ठेवतो. घेताना तो स्वतः ४०० व्होल्टपर्यंत टिकतो असं लिहिलेलं आहे का बघा, नाहीतर न्यूट्रल तुटला की पहिला तोच जाईल. होल्टेजच्या चढउतारीचं खरं औषध हे आहे, व्हॅरिस्टर नव्हे.

तिसरं: फ्यूज आणि चकती जातीची आहेत का

फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरं असतात ती भिंगानं वाचा. बऱ्याच डब्यांत `F1AL250V` निघतो, म्हणजे फास्ट, एक अँप, आणि एल म्हणजे कमी तोडक्षमतेचा. इथं मी `T1AH250V` घालतो, पांढरा सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला. दोन कारणं आहेत. सर्ज आला की चकती तो झटका फ्यूजमधूनच ओढते, फास्ट फ्यूज तेवढ्यावरच उडतो आणि चकतीनं काम केलं तरी डबा बंद, टी म्हणजे टाइम-लॅग असलेला तेवढं सोसतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, चकती शॉर्ट झाली की मेनचा करंट शेकडो अँपमध्ये जाऊ शकतो, आणि काचेचा एक अँपचा फ्यूज ३५ अँपपर्यंतच सुरक्षित तोडतो असं त्याचं प्रमाण आहे. त्यापुढं तार वितळली तरी आत ठिणगीचा जाळ चालू राहतो, काच फुटते. सिरॅमिकवाला १५०० अँपपर्यंत तोडतो. किमतीत फरक फार नाही.

आणि फ्यूज फेजमध्येच पाहिजे, न्यूट्रलमध्ये घातलेला असेल तर तो उडाल्यावर सुद्धा आतल्या सर्किटला फेज तसाच राहतो. जुन्या घरांत प्लगमध्येच फेज न्यूट्रल उलटे असतात, टेस्टरनं बघून घ्या.

चकतीची जागा फ्यूजच्या *नंतर*, फेज आणि न्यूट्रलमध्ये. आधी लावलेली मी बघितलीये, मग ती शॉर्ट झाली की तिला तोडणारा कुणीच नाही, एमसीबी पडेपर्यंत ती जळत राहते. नंबर कुठला घ्यायचा तर 14D431K ला २७५ व्होल्ट चालतात, 14D511K ला ३२०. होल्टेज २५० च्या आत राहत असेल तर पहिली चांगली. रात्री चढणाऱ्या भागात मी 511 वाली घालतो, कारण सतत चटके खाणारी चकती काही दिवसांनी उरतच नाही. त्याची किंमत अशी की सर्ज आला की 431 वाली साधारण ७१० व्होल्टला धरते आणि 511 वाली ८४५ ला, म्हणजे आत थोडं जास्त पोचतं.

ते जास्तीचं पोचलेलं अडवायला चकतीच्या पुढं, मॉड्यूलच्या आधी, फेजमध्ये १० ओहम २ वॅटचा फ्युजिबल वायरवाउंड रेझिस्टर घालायचा. तीन वॅटच्या मॉड्यूलला चालताना त्यावर काही पडत नाही, पण सर्जच्या त्या क्षणाला तो करंट रोखतो आणि मॉड्यूलमधला कपॅसिटर उरलेलं पिऊन टाकतो. त्यानंतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू कपॅसिटर फेज-न्यूट्रलमध्ये, तो शेजारच्या वेल्डिंगसारखी बारीक घाण खातो, उद्यमनगरजवळच्या घरांत याचा फरक दिसतो. साधा कपॅसिटर इथं चालत नाही, एक्स-टू असं छापलेलाच घ्या.

चकतीला फायबरग्लासची स्लीव्ह घाला आणि ती वायरींपासून, डब्याच्या भिंतीपासून लांब उभी ठेवा. लाकडी बोर्डवर उघडा कंट्रोलर ठोकलेला असेल तर तो काढून न पेटणाऱ्या डब्यात घाला.

चौथं: सप्लाय खरंच आयसोलेटेड आहे का

स्वस्तातल्या लेव्हल कंट्रोलरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच. एक मोठा ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मेनमधून जेमतेम तीसेक मिलिअँप देतो, पुढं झेनर, की झाला सप्लाय. असल्या सप्लायवर संध्याकाळी रिले टकटकतो त्याचं कारण बहुतेक हेच, तो कपॅसिटर वर्षं गेली की आतून झिजतो, करंट कमी देतो, त्यात होल्टेज उतरलं की रिले धरवत नाही. पण झिजणं हा छोटा दोष. मोठा दोष असा की त्याची ग्राउंड सरळ मेनला जोडलेली असते, आणि त्याच ग्राउंडची वायर तुम्ही टाकीच्या पाण्यात सोडलेली असते. पाण्यातले प्रोब आणि बिनआयसोलेटेड सप्लाय हे एकत्र कधीच चालणार नाही, त्याला दुरुस्ती नाही, तो बदलायचाच.

तपासायला डबा मेनपासून पूर्ण सुटा करा, मीटर सगळ्यात वरच्या मेगाओहम रेंजला, एक टोक पाच व्होल्टच्या ग्राउंडला, दुसरं आधी न्यूट्रलला मग फेजला. दोन्हीकडं ओपन पाहिजे. काहीही आकडा आला तर आयसोलेटेड नाही. ओपन आलं म्हणजे इन्सुलेशन भक्कम आहे असं मात्र होत नाही, ते इन्सुलेशन मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरनंच कळतं आणि ते वायरमनकडून करून घ्या.

नवीन घालताना पाच व्होल्ट तीन वॅटचं बंद डबीतलं आयसोलेटेड मॉड्यूल मिळतं ते घ्या, ९० ते २६४ व्होल्ट इनपुटवाली सहज मिळतात. म्हणजे १५० पर्यंत उतरलं तरी ईएसपीला पत्ता लागत नाही, त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर नको. डॉट बोर्डवर लावत असाल तर मेनची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये तीन ओळी रिकाम्या सोडा आणि त्यांचं तांबं खरवडून काढा, साधारण साडेसहा मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. एवढं मॉड्यूल घालून खालून सोल्डरचा थेंब दोन्हीकडं टेकला तर आयसोलेशन तिथंच संपलं.

पाचवं: फ्यूज ठीक, पण रीस्टार्ट होतो

आधी ईएसपीलाच विचारा कशामुळं झालं. पहिली ओळ कोडच्या सगळ्यात वर आणि दुसरी `setup()` मध्ये, `Serial.begin()` च्या नंतर टाका:

```
#include <esp_system.h>
Serial.println(esp_reset_reason());
```

९ आलं तर ब्राउनआउट, म्हणजे पाच व्होल्ट खाली बसतायत. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ईएसपीजवळ लावा, वायर जाड आणि आखूड करा. १ आलं तर सप्लाय पूर्णच गेला होता, लूज कनेक्शन बघा. ५, ६, ७ आलं तर वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला म्हणून चिपनंच रीस्टार्ट मारला, आणि ते नेमकं मोटार बंद होताना येत असेल तर कोडमध्ये शोधू नका, मोटार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल बघा. कॉइल सुटताना मोठा झटका मारते आणि तो रिलेच्या वायरीवरून आत येतो. कॉइलच्या दोन टोकांवरच १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-टू असा आरसी स्नबर लावा, डब्यात नव्हे, कॉइलवरच. हा आकडा लॅपटॉपवर बघायचा असेल तर चौथी तपासणी झाल्याशिवाय यूएसबी लावू नका, बिनआयसोलेटेड बोर्डाला लॅपटॉप जोडला की लॅपटॉप तर जाईलच, तुम्हालाही शॉक बसेल.

सहावं: पाच व्होल्ट आहेत, पिन मेलीये

मग सर्ज मेनमधून आलेलाच नाही. टाकी गच्चीवर, सेन्सरची वायर वीस-तीस मीटर उघड्यावरून, वळवाच्या विजांत ती अँटेनासारखी काम करते. प्रत्येक सेन्सर पिनला १ किलोओहम सिरीजमध्ये आणि पिनच्या बाजूला ३.३ व्होल्टचा झेनर ग्राउंडला, यानं बरंच वाचतं. वायर पाण्याच्या पाइपासोबत न्या, मेनच्या केबलसोबत बांधू नका.

जवळच वीज पडली तर हे काहीच वाचवणार नाही. त्यासाठी मेन बोर्डात टाइप टू एसपीडी, म्हणजे सर्ज अर्थिंगला सोडणारा प्रोटेक्टर, लागतो आणि त्याला चांगलं अर्थिंग लागतं, अर्थिंग नसेल तर तो नुसता बसवलेला राहतो. अर्थिंगचा ओहम मोजणं, एसपीडी बसवणं, मेन स्विच उघडणं ही तिन्ही कामं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरची. तसंच सगळं बदलून सुद्धा नवा फ्यूज परत काळा झाला तर तिसरा घालू नका, घराचं वायरिंग दाखवा.

दुरुस्ती झाली की डबा एकदम मेनला लावायचा नाही. ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला पाहिजे, पेटलेला राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. विझला तर एमसीबी पाडून बल्ब काढा, सरळ लावा, पंप तीनचार वेळा चालू-बंद करा आणि तेव्हा कंट्रोलरच्या फेजवर मीटर धरून ठेवा. चढलं नाही, ईएसपी रीस्टार्ट झाला नाही आणि परत एमसीबी पाडून सप्लाय गेल्याची खात्री केल्यावर चकतीला बोट लावलं तर ती गार लागली, की झाकणाचे स्क्रू आवळा.